एकाच कार्बनची तीन पृष्ठफळे: ८५०, १०६० की १२६०?

प्रश्न: सर, मी खानापूरहून लिहितोय. काजूच्या टरफलांपासून पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरून सक्रिय कार्बन तयार केला आहे. एका प्रयोगशाळेच्या अहवालात त्याचे बीईटी पृष्ठफळ ८५० चौ.मी. प्रति ग्रॅम आले, दुसऱ्या ठिकाणी तीच डेटा फाइल दाखवली तर १०६० निघाले, आणि अहवालातच लँगम्युअरचे म्हणून १२६० लिहिले आहे. आलेखाचा सहसंबंध तर सगळीकडे चांगला आहे. प्रबंधात नेमका कोणता आकडा लिहू? आणि ज्याला सूक्ष्मरंध्रे आहेत त्याला बीईटी लागूच होत नाही असे गाइड म्हणतात, ते खरे का?

उत्तर: १०६० लिहा, पण तो कोणत्या दाबमर्यादेतून काढला ते सोबत लिहा आणि त्याला ‘बीईटी पृष्ठफळ’ असेच म्हणा, नुसते ‘पृष्ठफळ’ म्हणू नका. ८५० चुकीच्या मर्यादेतून आला आहे आणि तो अहवालातच स्वतःविरुद्ध साक्ष देतो. १२६० या आकड्यामागचे गृहीतक तुमच्या पावडरीला लागू पडत नाही. गाइडांचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे, पण त्याचा अर्थ आकडा लिहूच नये असा होत नाही. हे असे का, ते तुमच्याच फाइलमधल्या आकड्यांवरून पाहू.

सर्वांत आधी समतापी वक्राचा, म्हणजे वाढत्या दाबाला किती नायट्रोजन बसतो त्या आलेखाचा, आकार पाहायचा, आकडा नंतर. आययूपीएसीने २०१५ साली सुधारलेल्या वर्गीकरणात सहा मुख्य प्रकार आहेत आणि त्यांपैकी पहिल्या व चौथ्या प्रकाराचे पुन्हा दोन-दोन पोटप्रकार आहेत. तुमचा वक्र सापेक्ष दाब ०.०१ च्या आतच जवळपास उभा चढतो, ०.१ पर्यंत गोलाईने वळतो आणि पुढे जवळजवळ आडवा होतो. हा पहिला प्रकार, आणि त्यातही गोलाई रुंद असल्यामुळे त्याचा दुसरा पोटप्रकार. म्हणजे २ नॅनोमीटरपेक्षा अरुंद असलेली सूक्ष्मरंध्रे प्रामुख्याने आहेत, पण त्यांची रुंदी एकसारखी नाही. काही फार अरुंद आहेत, तर काही दीड-दोन नॅनोमीटरच्या आसपास किंवा थोडी अधिक आहेत. वक्र ०.०१ च्या आधीच काटकोनात वळला असता तर रंध्रे एक नॅनोमीटरहून अरुंद आहेत असे म्हटले असते. परतीच्या वाटेवर, म्हणजे दाब उतरवताना, तुमच्या वक्रात ०.४२ च्या आसपास एक लहानशी पायरी दिसते. ती पाहून त्या रुंदीची रंध्रे आहेत असे समजू नका. ७७ केल्विनला द्रवरूप नायट्रोजन त्या दाबाखाली ताण सहन करू शकत नाही आणि एकदम उकळून बाहेर पडतो, म्हणून ती पायरी कितीतरी वेगवेगळ्या पदार्थांत तिथेच येते. परतीच्या शाखेवरून काढलेल्या रंध्रवितरणात ३.८ नॅनोमीटरजवळ जे टोकदार शिखर दिसते, ते हेच. ते शिखर प्रबंधात ‘मध्यरंध्रे सापडली’ म्हणून छापले जाताना मी अनेकदा पाहतो.

तुलनेसाठी आपल्या भागात सहज मिळणारा दुसरा पदार्थ घ्या, बॉक्साइटपासून काढलेल्या हायड्रॉक्साइडला तापवून केलेला सच्छिद्र अॅल्युमिना. त्याचा वक्र साधारणपणे चौथ्या प्रकारचा येतो: सुरुवातीला बेताची चढण, मग एक स्पष्ट गुडघा, नंतर बराच काळ जवळपास सरळ रेषा, आणि वरच्या दाबाला मध्यरंध्रांत केशिका संघनन झाल्यामुळे दुसरी चढण. त्या गुडघ्यापाशी एक थर पूर्ण होतो आणि त्यावर दुसरा बसू लागतो, असे चित्र तिथे बऱ्यापैकी खरे असते. बीईटीची नेहमीची ०.०५ ते ०.३० ही मर्यादा अशाच पदार्थांवरून रूढ झाली. अॅल्युमिनाला ती चालते. तुमच्या कार्बनला चालत नाही, आणि सगळा घोळ इथेच आहे.

ब्रुनॉवर, एमेट आणि टेलर यांनी १९३८ साली मांडलेल्या बीईटी सिद्धांतात काय धरले आहे ते एकदा नीट पाहावे. पृष्ठभाग सर्वत्र सारखा आहे. पहिल्या थरातील रेणूंची बंधऊर्जा एक ठरावीक आहे, दुसऱ्या थरापासून पुढे ती द्रवीभवनाच्या ऊर्जेइतकीच आहे. शेजारच्या रेणूंचा एकमेकांवर परिणाम होत नाही. आणि थरावर थर चढायला वर हवी तितकी मोकळी जागा आहे. पहिली तीन गृहीतके कोणत्याच खऱ्या पावडरीत काटेकोरपणे खरी नसतात, तरीही सूत्र चालते, कारण त्यांतील चुका काही अंशी एकमेकांना छेदतात. चौथे गृहीतक मात्र तुमच्या कार्बनमध्ये मुळातच कोसळते. नायट्रोजनच्या रेणूची जाडी सुमारे ०.३६ नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर रुंदीच्या फटीत अडीच-तीन रेणूंपेक्षा जास्त मावणारच नाहीत. तिथे दोन्ही भिंतींचे आकर्षण एकमेकांत मिसळलेले असते, त्यामुळे रेणू थर रचत बसत नाहीत. फट एकदम भरते. लँगम्युअरने १९१८ साली मांडलेल्या सूत्रात एकच थर बसतो आणि तो पूर्ण झाला की वक्र सपाट होतो. तुमचा वक्रही सपाट होतो, म्हणून ते सूत्र गणिताने सुरेख जुळते. पण इथला सपाटपणा फटी भरल्यामुळे आला आहे, एक थर पूर्ण झाल्यामुळे नव्हे. १२६० हा त्यामुळे भरलेल्या आकारमानाचा आकडा आहे, तो चौरस मीटरचे सोंग घेऊन बसला आहे.

आता बीईटीचे सूत्र आणि तुमचे वाचन.

```
x / [V(1-x)] = 1/(Vm·C) + [(C-1)/(Vm·C)]·x      x = p/p0

x        V (cm3 STP/g)   V(1-x)
0.01     222             219.8
0.02     235             230.3
0.03     242             234.7
0.05     251             238.5
0.075    258             238.7
0.10     263             236.7
0.15     270             229.5
0.20     275             220.0
0.25     279             209.3
0.30     282             197.4
```

डाव्या बाजूची राशी x समोर मांडली की रेषा मिळते. तिचा चढ आणि आंतरछेद यांच्या बेरजेचा व्यस्त म्हणजे Vm, एक थर पुरा करायला लागणारा वायू, आणि चढाला आंतरछेदाने भागून एक मिळवला की C. पहिल्या प्रयोगशाळेने सवयीप्रमाणे ०.०५, ०.१०, ०.१५, ०.२०, ०.२५ आणि ०.३० हे सहा बिंदू घेतले. त्यांतून चढ ०.००५२१३ आणि आंतरछेद उणे ०.००००९४ येतो. Vm निघतो १९५.४, त्याला ४.३५३ ने गुणले की ८५० चौ.मी. प्रति ग्रॅम. (नायट्रोजनचा एक रेणू ०.१६२ चौ. नॅनोमीटर जागा व्यापतो असे धरले तर प्रमाण स्थितीतील दर घन सेंटिमीटर वायूमागे ४.३५३ चौ.मी. होतात.) निर्धारण गुणांक ०.९९४ येतो, म्हणजे दिसायला रेषा उत्तम. पण C येतो उणे ५४. हा C पहिल्या थराची बंधऊर्जा द्रवीभवनाच्या ऊर्जेपेक्षा किती जास्त आहे याच्याशी घातांकाने जोडलेला आहे. घातांकी राशी ऋण असूच शकत नाही. म्हणजे अहवालातली ती एकच ओळ पुरेशी होती. यंत्राच्या सॉफ्टवेअरने उणे चिन्ह छापले, आणि ते कुणी वाचले नाही. रेषा कितीही सरळ दिसली तरी चालेल, आंतरछेद शून्याखाली गेला की ती मर्यादा रद्द धरायची.

योग्य मर्यादा निवडायला मनाचा कौल लागत नाही. रूकेरोल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कसोट्या आहेत आणि आययूपीएसीनेही सूक्ष्मरंध्री पदार्थांसाठी त्यांचीच शिफारस केली आहे. पहिली कसोटी वरच्या तक्त्यातला तिसरा स्तंभ वाचून लागते: V(1-x) जोवर वाढतो आहे तोवरच बिंदू घ्यायचे. तुमच्याकडे तो ०.०७५ ला २३८.७ होऊन तिथून उतरू लागतो. ०.०५ आणि ०.०७५ यांतला फरक वाचनाच्या अचूकतेइतकाच असल्यामुळे मी ०.०५ वरच थांबेन. ०.०१, ०.०२, ०.०३ आणि ०.०५ हे चार बिंदू घेतले की चढ ०.००४१०३ आणि आंतरछेद ०.०००००४६३ येतो. C सुमारे ८९०, Vm २४३.५, आणि पृष्ठफळ १०६० चौ.मी. प्रति ग्रॅम.

दुसरी कसोटी C धन असण्याची, ती झाली. तिसरी अशी की Vm इतका वायू प्रत्यक्ष वक्रावर ज्या दाबाला बसतो तो दाब निवडलेल्या मर्यादेच्या आतच असावा. तुमच्या वक्रावर २४३.५ हे मूल्य ०.०३३ ला येते, आत आहे. चौथी त्याच दाबाचा सिद्धांताशी मेळ पाहते: C चे वर्गमूळ अधिक एक, याचा व्यस्त घेतला की ०.०३२५ येतो. दोन्हींत वीस टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा. इथे दोन टक्के आहे. पहिल्या प्रयोगशाळेची मर्यादा या कसोटीपर्यंत पोचतसुद्धा नाही, कारण उणे संख्येचे वर्गमूळ काढता येत नाही, आणि तिचा Vm म्हणजे १९५ हा आकडा तर ०.०१ च्याही खालच्या दाबाला, मर्यादेच्या पूर्ण बाहेर पडतो.

मग १०६० म्हणजे कार्बनच्या भिंतींचे खरे क्षेत्रफळ का? नाही, आणि गाइडांचा आक्षेप इथे लागू होतो. जेमतेम एक रेणू शिरेल इतक्या अरुंद फटीत तो एकच रेणू दोन्ही भिंतींना टेकतो, पण हिशेबात त्याची ०.१६२ चौ. नॅनोमीटर एकदाच धरली जाते. तिथे खरे क्षेत्र जवळपास दुप्पट असते. उलट तीन रेणू मावतील अशा फटीत मधला रेणू कोणत्याच भिंतीला लागत नाही, तरी त्याचेही क्षेत्र मोजले जाते. कुठल्या चुकीचे पारडे जड होईल ते रंध्रांच्या रुंदीवर ठरते. म्हणून अशा पदार्थासाठी हा आकडा ‘बीईटी पृष्ठफळ’ किंवा ‘तुलनेसाठीचे पृष्ठफळ’ म्हणून लिहायचा. त्याच यंत्रावर, त्याच कसोट्यांनी, तुमच्याच दोन तापमानांना केलेल्या कार्बनची तुलना करायला तो अगदी योग्य आहे. दुसऱ्या कुणाच्या शोधनिबंधातील आकड्याशी तुलना करताना मात्र त्यांची दाबमर्यादा आधी शोधा, ०.०५ ते ०.३० अशी असेल तर तुलना सोडून द्या.

तुम्ही हा कार्बन पाण्यातील रंगद्रव्य काढायला वापरणार असाल, तर १०६० पेक्षा आणखी एक आकडा तुमच्या जास्त कामाचा आहे, आणि तो याच फाइलमध्ये आहे. दाबाऐवजी त्या दाबाला सपाट पृष्ठावर बसणाऱ्या थराची जाडी आडव्या अक्षावर घेतली, म्हणजे टी-प्लॉट काढला, की सूक्ष्मरंध्रे भरून झाल्यावर उरलेला चढ फक्त बाहेरच्या पृष्ठाचा आणि रुंद रंध्रांचा असतो. हार्किन्स आणि जुरा यांच्या सूत्राने ०.२० ते ०.३० या दाबांची जाडी सुमारे ०.४४ ते ०.५० नॅनोमीटर येते, आणि तेवढ्यात तुमचा वायू २७५ वरून २८२ वर जातो. त्या चढावरून बाह्य पृष्ठफळ अंदाजे १७० चौ.मी. प्रति ग्रॅम निघते, आणि रेषा मागे वाढवून सूक्ष्मरंध्रांचे आकारमान ०.३५ घन सेंटिमीटर प्रति ग्रॅम. तीनच बिंदूंवरचा हा अंदाज आहे आणि जाडीचे ते सूत्र अॅल्युमिनासारख्या ऑक्साइडांच्या मोजमापांतून आलेले आहे. कार्बनसाठी कार्बन ब्लॅकवर बेतलेले सूत्र घ्यावे, आकडा थोडा हलेल. पण मेथिलिन ब्लूसारखा साधारण दीड नॅनोमीटर लांबीचा रेणू १०६० पैकी बऱ्याच भागात सुखाने शिरणार नाही, हे एवढ्यावरूनही समजते. पृष्ठफळ वाढले आणि रंग शोषणे वाढले नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी हा चढ काढायला सांगतो.

आता मोजमापाविषयी. निवड बरोबर असली तरी मुळात वाचनच बिघडलेले असेल तर कसोट्या ते सांगत नाहीत. इथे तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली पाण्याची. खानापुरात पावसाळ्यात कार्बन बाटलीतून काढून वजनकाट्यापर्यंत नेईपर्यंत ओलावा धरतो, आणि अरुंद फटींतले पाणी ११० अंशांच्या ओव्हनमध्ये पूर्ण निघत नाही. अशा कार्बनला निर्वातात २५० अंश सेल्सिअसच्या आसपास रात्रभर डिगॅसिंग द्यावे. झाले की नाही ते घड्याळावरून ठरवू नये; पंपाकडची झडप बंद करून काही मिनिटे दाब पाहावा. तो वाढतच राहिला तर अजून काहीतरी बाहेर येते आहे, किंवा जोड गळतो आहे. धुण्यात हलगर्जी झाली असेल तर पोटॅशियम कार्बोनेट मागे राहते, आणि ते कितीही डिगॅसिंग केले तरी जात नाही. दहा टक्के क्षार राहिला तर प्रति ग्रॅम पृष्ठफळ तेवढेच कमी दिसते, म्हणून राखेचे प्रमाण काढून ठेवा.

दुसरी वजनाची, आणि हिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. हजार चौ.मी.च्या कार्बनचे सॅम्पल शंभर मिलिग्रॅमच्या आसपास घेतात, कारण जास्त घेतले तर मोजणी रेंगाळते. सॅम्पल ट्यूबचे आकारमान २० मिली धरा. रिकामी ट्यूब हवेने भरलेली असताना तिच्यात सुमारे २२ मिलिग्रॅम हवा असते. डिगॅसिंगनंतर हेलियम भरून तीच ट्यूब तोलली तर आत जेमतेम ३ मिलिग्रॅम वायू असतो. वजाबाकीत शंभर मिलिग्रॅमचे सॅम्पल ८१ मिलिग्रॅमचे दिसते, आणि तुमचा १०६० चा कार्बन कागदावर १३०० च्या वर जातो. आलेख तसाच सुंदर, C तोच, चारही कसोट्या पास. कारण सगळे आकडे एकाच पटीने फुगलेले असतात. उपाय सोपा आहे: रिकामी ट्यूब आणि भरलेली ट्यूब, दोन्ही एकाच वायूने भरून तोलाव्यात. प्रयोगशाळेला दोन्ही वेळी कोणता वायू होता ते विचारा.

तिसरी गोष्ट आपल्या गावाच्या उंचीची. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे, इथला वातावरणाचा दाब ६९५ टॉरच्या आसपास असतो आणि उघड्या डेवॉरमधला नायट्रोजन ७७.४ ऐवजी ७६.६ केल्विनजवळ उकळतो. नायट्रोजनचा संपृक्त बाष्पदाब p0 त्यामुळे इथे ७०० टॉरच्या थोडा वर मिळतो. जुन्या पद्धतीत p0 साठी ७६० हा आकडा हाताने भरलेला राहिला असेल, तर प्रत्येक सापेक्ष दाब आठ टक्क्यांनी कमी छापला जातो. तुमच्या कार्बनच्या बीईटी आकड्यावर याचा परिणाम अर्ध्या टक्क्याच्या आसपास होतो, कारण इतक्या कमी दाबाला (१-x) फारसा बदलत नाही. अॅल्युमिनाच्या ०.०५ ते ०.३० मर्यादेत मात्र तीन-एक टक्क्यांची वाढ दिसते, आणि रंध्रांची रुंदी तर पार चुकते. ओळखायची खूण अशी की वक्र ०.९२ च्या सुमारास एकदम उभा होतो आणि त्यापुढे एकही बिंदू नसतो. तुमच्या फाइलमध्ये शेवटचा बिंदू ०.९९ चा आहे, म्हणजे p0 प्रत्यक्ष मोजलेला आहे. त्याची चिंता नको.

तुमच्या फाइलची खरी उणीव वेगळी आहे. ०.०१ च्या खाली एकही बिंदू नाही, आणि ०.०१ ते ०.०५ मध्ये चारच आहेत. आययूपीएसीचा सल्ला सूक्ष्मरंध्री पदार्थांसाठी ८७ केल्विनला आर्गॉन वापरण्याचा आहे, कारण नायट्रोजनचा रेणू चतुर्ध्रुवी असल्यामुळे कार्बनवरील ऑक्सिजनयुक्त गटांपाशी तो वेगळ्या रीतीने टेकतो आणि त्याचे ०.१६२ हे क्षेत्रफळ तिथे भरवशाचे राहत नाही. ती सोय जवळपास नसेल तर नायट्रोजनवरच पुन्हा मोजणी मागा, पण ०.००१ ते ०.१ या दरम्यान किमान दहा बिंदू आणि प्रत्येक बिंदूला दाब स्थिर होईपर्यंत पुरेसा वेळ, असे विनंतीपत्रात स्पष्ट लिहा. अरुंद फटींत ७७ केल्विनला नायट्रोजन फार सावकाश शिरतो. घाईने घेतलेला बिंदू वायू कमी दाखवतो. हेलियमने रिकाम्या जागेचे माप आधी घेतले असेल तर थोडा हेलियम फटींत अडकून राहतो, म्हणून ते माप शेवटी घ्या किंवा त्यानंतर पुन्हा निर्वात करा, हेही पत्रात घाला. प्रबंधाच्या तक्त्यात मग पृष्ठफळाच्या शेजारी C, निवडलेली दाबमर्यादा, बिंदूंची संख्या, डिगॅसिंगचे तापमान आणि वेळ, एवढे रकाने ठेवा.